रेषा आधी की रंग? १८२४च्या दोन चित्रांमागची गोष्ट

पॅरिसमध्ये राजाश्रयाने भरणाऱ्या चित्रप्रदर्शनाला सॅलाँ म्हणत. १८२४ सालच्या सॅलाँमध्ये दोन मोठी चित्रं लागली आणि समीक्षकांनी त्यांच्याभोवती दोन तट उभे केले. पहिलं अँग्रचं, 'तेराव्या लुईचं व्रत'. अठरा वर्षं इटलीत राहून परतलेल्या या चित्रकाराने गुडघे टेकलेला राजा रंगवला होता. आपला मुकुट आणि राजदंड तो मेरीमातेपुढे धरतो आहे आणि वरची मेरी थेट इटालियन चित्रकार राफाएलच्या घराण्यातली वाटते. दुसरं चित्र २६ वर्षांच्या देलाक्रुआचं, 'किऑसची कत्तल'. ओटोमन सैन्याने १८२२ मध्ये ग्रीसच्या किऑस बेटावर केलेला संहार त्याचा विषय होता. अँग्रचं चित्र म्हणजे विवेक, देलाक्रुआचं म्हणजे भावना, असं समीकरण तिथे पक्कं झालं. नवअभिजातवाद विरुद्ध स्वच्छंदतावाद ही जोडी आपण शिकतो, तिला ठसठशीत रूप मिळालं ते या प्रदर्शनात.

भांडण मात्र त्याहून जुनं होतं. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रेंच चित्रकला अकादमीत चित्रकार पुसँचे चाहते आणि चित्रकार रुबेन्सचे चाहते रेषा की रंग याच मुद्द्यावर झगडले होते. पुसँचे चाहते म्हणत, रेषा बुद्धीला कळते, रंग फक्त डोळ्यांना सुखावतो; म्हणून रेखाटन श्रेष्ठ. रुबेन्सचे चाहते म्हणत, डोळ्यांना जिवंत वाटत नसेल तर ते चित्र कसलं? वाद रंगला, पण शिक्षणक्रमावर छाप राहिली रेषेची. विद्यार्थ्याने आधी छापील चित्रांची नक्कल करायची, मग ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या प्लास्टर प्रतिकृती रेखाटायच्या, मग जिवंत मॉडेलसमोर बसायचं. पॅरिसच्या सरकारी कलाशाळेत १८६३ पर्यंत रेखाटनच शिकवलं जाई. रंगवायला शिकायचं तर एखाद्या चित्रकाराच्या स्टुडिओत जावं लागे. (मुंबईचं जे. जे. स्कूल १८५७ मध्ये सुरू झालं तेव्हा युरोपची हीच पद्धत इकडे आली. प्लास्टरच्या पुतळ्यांसमोर बसून छायाप्रकाश घोटणं आपल्याकडच्या कित्येक पिढ्यांना माहीत आहे, त्याचं मूळ तिथे आहे.)

या पद्धतीचा कळस म्हणजे अँग्रचे गुरू झाक-लुई दाव्हिद यांचं 'होरेशियस बंधूंची शपथ'. पॉम्पेई आणि हर्क्युलेनियम या प्राचीन रोमन नगरांची उत्खननं सुरू होऊन काही दशकं लोटली होती, आणि जर्मन विद्वान विंकेलमानने ग्रीक शिल्पांतल्या उदात्त साधेपणाचा आणि शांत भव्यतेचा आदर्श मांडून ठेवला होता. त्या वातावरणात दाव्हिदने १७८४ मध्ये रोमला जाऊन हे चित्र पुरं केलं आणि १७८५च्या सॅलाँमध्ये ते पॅरिसला लागलं. चित्र सव्वातीन मीटर उंच आणि सव्वाचार मीटर रुंद आहे. ते सोळाव्या लुईच्या दरबारासाठी काढलं होतं, हे विसरता कामा नये. क्रांती व्हायला अजून चार वर्षं होती. क्रांतीचं चित्र अशी त्याची ओळख मागाहून झाली.

विषय रोमन आहे. रोम आणि आल्बा या दोन नगरांचं युद्ध तीन-तीन भावांच्या झुंजीने मिटवायचं ठरतं, आणि रोमचे तीन होरेशियस बंधू वडिलांसमोर जिंकण्याची नाहीतर मरण्याची शपथ घेतात. गंमत म्हणजे रोमन इतिहासकार लिव्हीच्या इतिहासात हा प्रसंगच नाही, तो दाव्हिदने रचला. पण का रचला, ते चित्राची मांडणी पाहिल्यावर कळतं. मागे तीन कमानी आहेत. डावीकडच्या कमानीखाली तीन भाऊ, मधल्या कमानीखाली बाप, उजवीकडे घरातल्या बायका. भावांचे हात एका रेषेत पुढे ताणलेले आहेत आणि नजर जाऊन थांबते ती बापाने धरलेल्या तीन तलवारींपाशी. पुरुषांची शरीरं सरळ रेषांची, बायकांची वळलेली, ढासळलेली. मागचा अवकाश जवळजवळ रिकामा आणि गडद, म्हणजे इकडेतिकडे पाहायला वावच ठेवलेला नाही.

विवेकाच्या बाजूच्या या चित्रातही भावना आहेच. उजवीकडे बसलेल्या कामिलाचं लग्न शत्रुपक्षातल्या एकाशी ठरलेलं आहे आणि साबिना तर शत्रूच्याच घरची मुलगी. कोणीही जिंकलं तरी या दोघींचं माणूस मरणारच. दाव्हिद त्यांचं दुःख लपवत नाही, पण त्याला एक कमान नेमून देतो. दुःखाने आपली जागा सोडून शपथेत शिरायचं नाही. अभिजात आदर्शाचं मर्म मला इथे सापडतं. भावनेला तिथे बंदी नव्हती, तिला हद्द आखून दिलेली होती.

रंग लावण्याची रीतही याच विचाराची. आधी प्रत्येक आकृतीचं स्वतंत्र रेखाटन करायचं, ते चौकटी आखून कॅनव्हासवर मोठं करून उतरवायचं, आणि बाह्यरेषा पक्की झाल्यावरच रंग भरायचा. सावल्या पातळ, उजेडाचा भाग किंचित जाड. रंग ओला असतानाच त्यावरून मऊ, कोरडा ब्रश हलका फिरवून फटकारे मोडून टाकायचे. त्यामुळे भावांच्या दंडाजवळ नाक नेलं तरी ब्रशचा माग फारसा दिसत नाही. बापाचा तांबडा झगा सावलीतही तांबडाच राहतो, फक्त गडद होतो. शेजारचा रंग त्यात उतरत नाही. चित्रकाराचा हात दिसू नये, विचार तेवढा दिसावा, असा हा आग्रह. तरी दाव्हिदनेच १७९३ मध्ये खून झालेला क्रांतिकारक मारा रंगवला तेव्हा वरची जवळजवळ अर्धी चौकट रिकामी ठेवली आणि ती छोट्या, मोकळ्या, स्पष्ट दिसणाऱ्या फटकाऱ्यांनी घासून भरली. विषय ताज्या खुनाचा होता. हातही सैल झाला.

दुसऱ्या बाजूची सुरुवात विषयापासून झाली. जुलै १८१६ मध्ये 'मेद्युसा' हे फ्रेंच जहाज आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ वाळूत रुतलं. बोटी पुरेना, म्हणून सुमारे दीडशे माणसं एका तराफ्यावर चढवली आणि मग दोर कापून त्यांना सोडून दिलं. तेरा दिवसांनी तराफा सापडला तेव्हा पंधरा जण जिवंत होते. चित्रकार जेरिकोने वाचलेल्यांना गाठून हकिगत ऐकली, तराफ्याची छोटी प्रतिकृती करवून घेतली, इस्पितळातून मृतांचे अवयव आणून त्यांचा अभ्यास केला, आणि १८१९च्या सॅलाँमध्ये जवळपास पाच मीटर उंच, सात मीटर रुंद चित्र ठेवलं. एवढा आकार तोवर पुराणकथा, संत आणि विजयी सेनापती यांचा मान होता. वर्तमानपत्रातल्या एका नामुष्कीला तो देणं हाच मोठा धक्का होता. मात्र तराफ्यावरची शरीरं नीट पाहा. दोन आठवडे उपाशी असलेली ही माणसं पिळदार आहेत, दाव्हिदच्या शाळेत शोभावीत अशी. विषय बदलला होता, हाताचं शिक्षण अजून जुनंच होतं.

या चित्रात एक चूक कायमची राहून गेली. गडद भागांना खोली यावी म्हणून जेरिकोने बिट्युमेन, म्हणजे डांबरासारखा तपकिरी रंग वापरला. लावताना तो सुंदर, ऊबदार दिसतो, पण कधी पुरता सुकत नाही. वरचे थर सुकून ताणले जातात, खालचा सरकत राहतो, आणि काळोख्या भागात मगरीच्या कातडीसारख्या रुंद भेगा पडतात. आज तराफ्याच्या सावल्यांतले बरेच तपशील काळ्यात बुडालेत ते याच कारणाने. दाव्हिदच्या काटेकोर पातळ थरांचं मोल अशा ठिकाणी कळतं.

देलाक्रुआ तरुणपणी या तराफ्यासाठी मॉडेल म्हणून बसला होता. १८२२ मध्ये त्याने 'दान्तेची नाव' दाखवलं. नावेला लटकलेल्या पाप्यांच्या अंगावरचे पाण्याचे थेंब त्यात पाहण्यासारखे आहेत. दूरून ते पारदर्शक वाटतात. जवळ गेलं की लाल, हिरवा, पिवळा आणि पांढरा असे शेजारी शेजारी ठेवलेले, न मिसळलेले ठिपके दिसतात. ही युक्ती त्याने रुबेन्सकडून उचलली होती. दाव्हिदच्या पद्धतीत रंग आधीच आखलेल्या रेषेच्या आत शिरे. इथे थेंबाला रेषाच नाही, रंगांच्या शेजारातूनच आकार उभा राहतो. ब्रश टेकेपर्यंत सगळं ठरलेलं नाही.

'किऑसची कत्तल' मध्ये हे आणखी पुढे गेलं. चित्राला नायक नाही. मध्यभागी जिथे दाव्हिदने तलवारी ठेवल्या असत्या, तिथे देलाक्रुआने मोकळा, जळका प्रदेश ठेवला आहे. पुढे मरणाची किंवा गुलामीची वाट पाहणारी कुटुंबं बसली आहेत. उजव्या कोपऱ्यात मेलेल्या आईच्या छातीशी लागलेलं मूल. शपथ घेणारा कोणी नाही, आणि दुःखाला वेगळी कमानही नाही. त्याच वर्षी देलाक्रुआने इंग्लंडचा चित्रकार कॉन्स्टेबल याची निसर्गचित्रं पॅरिसमध्ये पाहिली होती, आणि ती पाहून त्याने आपल्या चित्राचे काही भाग पुन्हा रंगवले असं सांगतात. पुढे त्याने डायरीत कॉन्स्टेबलचं म्हणणं नोंदवलं आहे की कुरणाची हिरवाई उठून दिसते, कारण ती अनेक वेगवेगळ्या हिरव्यांची बनलेली असते. ग्रो या दाव्हिदच्या शिष्याने मात्र चित्र पाहून 'ही चित्रकलेचीच कत्तल आहे' असा शेरा मारला. सरकारने ते सहा हजार फ्रँकला विकत घेतलं.

एवढं पाहिल्यावर बुद्धी एका बाजूला आणि काळीज दुसऱ्या बाजूला अशी वाटणी मला पटत नाही. अँग्र 'रेखाटन म्हणजे कलेचा प्रामाणिकपणा' असं म्हणे, पण त्याच्या १८१४च्या पहुडलेल्या ओदालिस्कची, म्हणजे जनानखान्यातल्या स्त्रीची, पाठ इतकी लांब आहे की तिला दोन-तीन मणके जास्त असल्याची टीका झाली. रेषेच्या सौंदर्यासाठी त्याने शरीरशास्त्र धाब्यावर बसवलं, हा शुद्ध भावनेचा निर्णय आहे. उलट देलाक्रुआ काम सुरू करण्याआधी पॅलेटवर छटांची रांग लावून ठेवी आणि रोज रेखाटन करी. खरा फरक पडतो तो निर्णय कधी होतो यात: अँग्रचे बरेचसे निर्णय रंगाला हात लावण्यापूर्वी झालेले असत, देलाक्रुआचे रंग लावता लावता होत.

अकादमीने मात्र तट सोडले नाहीत. देलाक्रुआला सदस्यत्व मिळालं ते १८५७ मध्ये, वारंवार नाकारलं गेल्यावर. त्यानंतर त्याने पॅरिसच्या सँ-स्युल्पीस चर्चच्या भिंतीवर देवदूताशी झुंजणारा याकोब पुरा केला. त्यातल्या झाडांच्या पानांत सुटे, तिरपे, एकमेकांवरून गेलेले फटकारे आजही वेगळे मोजता येतात. १८९९ मध्ये चित्रकार पॉल सिन्याकने पुस्तक लिहून आपल्या ठिपक्यांच्या चित्रपद्धतीचा वंश थेट देलाक्रुआपासून सांगितला. आणि सिन्याक आणि सरा यांची ती पद्धत रंगशास्त्राचे नियम पाळून प्रत्येक ठिपका आधी ठरवणारी होती.