शीर्षकातले वांगे

भुसावळच्या एका ओळखीच्या ताईंनी पाककृतीच्या व्हिडिओला दिलेले शीर्षक असे होते: ‘🔥🔥🔥 खान्देशी 🍆 एकदम झणझणीत 😱🌶️’. कापसाच्या काड्यांवर भाजलेली वांगी बडगी या लाकडी भांड्यात ठेचून केलेले भरीत त्यात फार मन लावून दाखवले होते, पण शीर्षकात ‘भरीत’ हा शब्दच नव्हता.

आपल्याला इमोजी चित्र वाटते, मात्र संगणकासाठी तो युनिकोडमधला एक संकेत असतो. वांग्याचा U+1F346, आणि त्याचे अधिकृत नाव AUBERGINE. शोधणारा माणूस ‘वांग्याचे भरीत’ असे टाइप करतो, आणि शीर्षकात ते शब्दच नसतील तर जुळवणीचा सर्वांत थेट धागा आपणच तोडलेला असतो. शिवाय हे चित्र जांभळ्या वांग्याचे आहे, तर जळगावचे भरिताचे वांगे फिकट हिरवे असते, आणि समाजमाध्यमांवर या चित्राला अश्लील अर्थही चिकटलेला आहे. घरच्या स्वयंपाकाच्या शीर्षकात तो अर्थ नकळत शिरणे मला फार खटकते.

दृष्टिहीन प्रेक्षकाची अडचण याहून मोठी आहे. टॉकबॅकसारखे स्क्रीन रीडर इमोजीचे नाव उच्चारून दाखवतात, त्यामुळे या शीर्षकाची सुरुवात ‘आग, आग, आग’ अशी ऐकू येऊ शकते. वर्णनात बारा जिन्नसांपुढे बारा ✅ लावले, तर मीठ-मिरचीपर्यंत पोहोचेपर्यंत त्या चिन्हाचे नाव पुन्हा पुन्हा कानावर येते. तिथे प्रत्येक जिन्नस नव्या ओळीवर लिहिणे पुरते. जुन्या फोनमध्ये नवा इमोजी नसेल, तर त्या जागी नुसता रिकामा चौकोन दिसतो.

यूट्यूबच्या शीर्षकाला 100 वर्णांची मर्यादा आहे, पण मोबाइलवर लांब शीर्षक त्याआधीच कापले जाते, म्हणून पहिली जागा शब्दांचीच असावी. आम्ही बदललेले शीर्षक असे: ‘वांग्याचे भरीत, खान्देशी पद्धत: कापसाच्या काड्यांवर भाजून 🌶️’. एकच मिरची ठेवली, तीही शेवटी, जिथे ती नाहीशी झाली तरी वाक्याचा अर्थ तसाच राहतो.

विश्वासाचा प्रश्न 😱 या चेहऱ्यापाशी येतो. तो काहीतरी धक्कादायक दाखवण्याचे आश्वासन देतो आणि आत शांतपणे वांगी भाजली जात असतात. असे घडते आहे का, हे यूट्यूब स्टुडिओत दोन आकडे शेजारी ठेवून पाहता येते: क्लिक-थ्रू रेट, म्हणजे व्हिडिओ समोर दिसल्यावर त्यावर क्लिक होण्याचे प्रमाण, वाढला आणि सरासरी पाहण्याचा वेळ घटला, तर लोक शीर्षकावर भुलून आले आणि लगेच परत गेले, अशी शंका घ्यावी. मात्र व्हिडिओची सुरुवात लांबली असेल तरीही हेच दिसते, म्हणून आधी फक्त शीर्षक बदलावे, व्हिडिओ व थंबनेल तसेच ठेवावे, आणि काही आठवडे थांबून तेच दोन आकडे पुन्हा पाहावेत.