एकलहऱ्याचा रोटर आणि पहिले दोन सेकंद

अंबडच्या एमआयडीसीत पॉवर प्रेस चालताना नीट पाहा. पंच पत्र्यावर आदळतो तेव्हा बाजूचं जड फ्लायव्हील किंचित मंदावतं आणि पुढच्या घावापर्यंत मोटर त्याला पुन्हा वेगात आणते. घावाची ताकद येते ती चाकात साठलेल्या ऊर्जेतून. मोटर ती भरपाई मागाहून, सावकाश करते.

आपल्या एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रात 210 मेगावॅटच्या संचाचा रोटर ग्रिडसाठी हेच करतो. टर्बाइन आणि जनरेटर एकाच शाफ्टवर, मिनिटाला 3000 फेरे. म्हणजे सेकंदाला 50, आणि तीच आपल्या विजेची 50 हर्ट्झ फ्रिक्वेन्सी. दूर कुठे एखादं केंद्र अचानक बंद पडलं, तर उरलेल्या सगळ्या रोटरांवर त्याच क्षणी जास्त ओढ येते. वाफ अजून तेवढीच असते, त्यामुळे तूट रोटरच्या वेगातून भागते आणि फ्रिक्वेन्सी उतरते. स्विंग समीकरण एवढंच सांगतं:

```
(2H / f0) × df/dt = Pm − Pe
```

`Pm` म्हणजे टर्बाइनकडून येणारी शक्ती, `Pe` म्हणजे ग्रिड ओढून घेतं ती, दोन्ही यंत्राच्या क्षमतेच्या पटीत. `f0` म्हणजे 50 हर्ट्झ आणि `df/dt` म्हणजे फ्रिक्वेन्सी बदलण्याचा वेग. `H` हा जडत्व स्थिरांक. तो सेकंदात मोजतात, आणि मला त्यातली हीच गोष्ट फार आवडते. रोटरमधली सगळी ऊर्जा यंत्राच्या पूर्ण क्षमतेने वापरली तर किती सेकंद पुरेल, ते `H` सांगतो.

अशा संचाची क्षमता साधारण 247 एमव्हीए असते. `H` 4 सेकंद धरला तर साठा जवळपास 1000 मेगाज्यूल होतो. आकडा मोठा वाटतो, पण तो सगळा वापरता येत नाही. फ्रिक्वेन्सी 50 वरून 49 वर येईपर्यंत त्यातले जेमतेम 40 मेगाज्यूल बाहेर पडतात. 210 मेगावॅटच्या हिशोबाने तो सेकंदाच्या पाचव्या भागाचा खुराक झाला. जडत्व तूट भरून काढत नाही. गव्हर्नर वाफेचे व्हॉल्व्ह उघडेपर्यंतचा वेळ ते मिळवून देतं, आणि त्या कामाला काही सेकंद लागतात.

आता एक काल्पनिक, एकटं ग्रिड घेऊ. त्यातल्या सगळ्या रोटरांत मिळून 40,000 मेगाज्यूल आहेत आणि 500 मेगावॅट अचानक गेले. 500 ला 50 ने गुणायचं आणि साठ्याच्या दुपटीने, म्हणजे 80,000 ने भागायचं. उत्तर येतं सेकंदाला 0.31 हर्ट्झ. 49.4 हर्ट्झला रिले आपोआप फीडर तोडायला लागतात असं धरलं, तर तिथवर पोचायला सुमारे दोन सेकंद आहेत. त्याच ग्रिडमध्ये दुपारी सोलर भरपूर आलं, औष्णिक संच थांबवले आणि साठा 16,000 वर आला, तर तीच तूट सेकंदाला 0.78 हर्ट्झने खाली ओढते. हातात पाऊण सेकंद उरतो. गव्हर्नर धड जागाही झालेला नसतो.

गच्चीवरच्या सोलरचा इन्व्हर्टर इथे मदत का करत नाही? त्याच्यात फिरणारं काहीच नाही. नेहमीचा इन्व्हर्टर ग्रिडची लय ओळखतो आणि पॅनेल देईल तेवढा करंट त्या लयीत ढकलतो. लय मंदावली तर तोही मंद लयीत तेवढाच करंट ढकलत राहतो, जास्त देत नाही. शिवाय पॅनेल आधीच पूर्ण क्षमतेने चालत असेल तर जास्तीचं द्यायला त्याच्याकडे काही शिल्लकच नसतं.

दक्षिण ऑस्ट्रेलियात 28 सप्टेंबर 2016 ला हे प्रत्यक्ष घडलं. वादळात ट्रान्समिशनचे टॉवर पडले, व्होल्टेज वारंवार दबलं आणि पवनचक्क्यांच्या संरक्षण सेटिंगमुळे 456 मेगावॅट वीज कमी झाली. तो भार शेजारच्या राज्याकडून येणाऱ्या लाइनवर आला आणि ती ट्रिप झाली. एकट्या पडलेल्या राज्यात फ्रिक्वेन्सी सेकंदाला साधारण 6 हर्ट्झने कोसळली. भार कमी करणाऱ्या रिलेंना मोजायला आणि ब्रेकर उघडायलाही वेळ पुरला नाही, आणि सगळं राज्य अंधारात गेलं. दोष एकट्या जडत्वाचा नव्हता. तूट प्रचंड होती, पण सावरायला वेळ उरला नाही तो साठा थोडा होता म्हणून.

भारतात 2013 च्या शेवटी दक्षिणेचं ग्रिड जोडलं गेलं, तेव्हापासून देशभरचे रोटर एका लयीत फिरतात. म्हणून नाशिकमध्ये ही घसरण सहसा जाणवत नाही. साठा किती उरलाय ते मात्र तपासता येतं: किती मेगावॅट गेले ते माहीत असतं, फ्रिक्वेन्सीचा उतार नोंदलेला असतो, बाकी समीकरण उलटं सोडवायचं. उतार अर्ध्या सेकंदाच्या सरासरीने घ्यावा. त्याहून कमी वेळात प्रत्येक ठिकाणचा रोटर आपापला हेलकावा दाखवतो आणि आकडा फसवतो.

यावरचा एक उपाय जुन्या यंत्रातच आहे. टर्बाइन सोडवून नुसता जनरेटर ग्रिडला जोडून फिरवत ठेवायचा. याला सिंक्रोनस कंडेन्सर म्हणतात आणि त्याला कोळसा लागत नाही. पण टर्बाइनचं वजन गेल्यामुळे `H` बराच घटतो. म्हणून दक्षिण ऑस्ट्रेलियाने 2021 मध्ये असे चार कंडेन्सर सुरू केले, तेव्हा प्रत्येकाच्या शाफ्टला एक जड फ्लायव्हील जोडलं, अंबडच्या प्रेसला असतं तसंच.