टोपी घातलेल्या फोटोतून टोपी काढायची असेल तर…

आमच्याकडे असे फोटो बरेच येतात. माणूस होडीवर, जेटीवर किंवा बागेत उभा, डोक्यावर उन्हासाठी कॅप. पुढे फ्रेम करायची वेळ आली की घरच्यांना तोच फोटो सर्वांत चांगला वाटतो, कारण त्यात तो मनापासून हसतोय. फक्त टोपी नको असते. हे काम होतं, पण काम देण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. टोपीखालचे केस फोटोत कुठेच नसतात. ते आम्हाला नव्याने बसवावे लागतात आणि त्यासाठी त्याच माणसाचा दुसरा, उघड्या डोक्याचा फोटो लागतो.

दुसरा फोटो निवडताना तो किती सुंदर आहे ते पाहू नका. चेहरा त्याच बाजूला वळलेला असावा, उजेड त्याच बाजूने पडलेला असावा आणि फोटो साधारण त्याच वर्षांतला असावा. लग्नातला फोटो बहुतेक वेळा चालत नाही. पंचविशीतले दाट केस पन्नाशीच्या चेहऱ्यावर बसवले की घरचेच म्हणतात, “ह्यो आमचो भाव वाटना नाय.” केस कपाळावर कुठे सुरू होतात, भांग कुठल्या बाजूचा, कल्ले किती पांढरे, यावर ओळख ठरते.

मालवणच्या जेटीवरचा एका गृहस्थांचा फोटो घेऊ. दुपारचं ऊन, मागे समुद्र आणि सिंधुदुर्गाचा तट, डोक्यावर निळी कॅप. घरच्यांनी सोबत गणपतीच्या आरतीचा ग्रुप फोटो आणला. त्यात ते कडेला उभे होते, चेहरा लहान होता, पण मान तशीच वळलेली होती. केस तिथूनच घेतले.

पहिलं काम पार्श्वभूमीचं. कॅपची चोच डोक्यापेक्षा बरीच बाहेर येते, त्यामुळे ती पुसली की तिथे समुद्र आणि तट भरावा लागतो. क्षितिजाची रेषा डोक्याच्या दोन्ही बाजूंना एकाच सरळीत यायला हवी. थोडी जरी वरखाली झाली तरी बघणाऱ्याला काहीतरी खटकतं.

मग डोक्याची उंची. टाळू आणि टोपीचा माथा यांत मोकळी जागा असते. टोपीच्या कडेपर्यंत केस भरले तर डोकं लांबुडकं दिसतं. हनुवटीपासून टाळूपर्यंतच्या उंचीत डोळे साधारण मध्यावर येतात, त्या हिशोबाने टाळू ठरवून त्यावर केसांची जाडी देतो. घट्ट कॅपने कान बाहेर ढकलले गेले असतील तर तेही किंचित आत घ्यावे लागतात.

सर्वांत जास्त वेळ जातो तो कपाळावर. चोचीची सावली कपाळावर आणि डोळ्यांवर पडलेली असते. टोपी गेली आणि सावली राहिली, तर फोटो खोटा दिसणारच. ती उजळताना कातडी निळसर दिसू लागते, कारण सावलीत आकाशाचाच उजेड पोचतो. म्हणून गालाच्या रंगाशी मेळ घालत थोडी ऊब द्यावी लागते. शेवटी कपाळावर केसांची स्वतःची हलकी सावली टाकायची. सावलीत डोळे पूर्ण काळे झाले असतील, आत काहीच तपशील नसेल, तर ते आम्ही परत आणू शकत नाही. तसं पहिल्याच भेटीत सांगतो.

केसांची कड एकाच रेघेत कापलेली असली की विग वाटतो. म्हणून कपाळालगत आणि कानशिलावर बारीक ब्रशने एकेक केस काढतो, काही विरळ, काही उलटे वळलेले. केस चेहऱ्यापेक्षा जास्त धारदार दिसू नयेत म्हणून मूळ फोटोत दिसतात तसे बारीक दाणे त्यांच्यावरही टाकतो.

तुमच्याकडून एवढंच हवं: मोबाईलमधला मूळ फोटो. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नुसता पाठवला तर तपशील दाबला जातो. कागदाचा फोटो असेल तर तो स्वतः मोबाईलने टिपू नका, दुकानात आणा. आम्ही तो ६०० डीपीआयवर स्कॅन करून लगेच परत देतो. दुसरा चांगला फोटो नसेल तरी या. तेव्हा केस हाताने रंगवावे लागतात आणि फोटोतल्या माणसाला ओळखणारं कोणीतरी सोबत बसलेलं बरं. ते केस मागे फिरवायचे की भांग पाडायचे, हे त्यांच्या बायकोला किंवा बहिणीला जितकं ठाऊक असतं तितकं आम्हाला कधीच कळणार नाही.

मोठी फ्रेम करण्याआधी आम्ही छोटा प्रिंट देतो. तो घरी दोघातिघांना काही न सांगता दाखवा. कोणाची नजर डोक्यावर अडखळली तर परत घेऊन या, आम्ही दुरुस्त करू.

पासपोर्ट, व्हिसा किंवा कुठल्याही ओळखपत्रासाठी मात्र हे काम आम्ही करत नाही. तिथे बदललेला फोटो चालत नाही. टोपी काढून नवा फोटो काढून घ्या.