मानवी कौशल्याचा सरळ पट्टा कुठून आला?

व्यवस्थापनाच्या पेपरात एक आकृती हमखास विचारतात. एका चौकटीत तीन थर असतात: वर उच्च व्यवस्थापन, मध्ये मध्यम, तळाला कनिष्ठ किंवा पर्यवेक्षकीय. दोन तिरप्या रेषांनी चौकटीचे तीन पट्टे होतात. तांत्रिक कौशल्याचा पट्टा तळाशी रुंद असतो आणि वर जाताना निमुळता होतो, संकल्पनात्मक कौशल्याचा पट्टा याच्या नेमका उलट. मधला पट्टा मानवी कौशल्याचा, आणि तो वरपासून खालपर्यंत एकाच रुंदीचा. म्हापसा, फोंडा, मडगाव, कुठल्याही कॉलेजातल्या बी.कॉम.च्या मुलाला ही आकृती डोळे मिटून काढता येते. नेटची तयारी करणाऱ्यांना तर त्यावरचा प्रश्नही पाठ असतो: ‘तिन्ही स्तरांवर सारखेच महत्त्वाचे कौशल्य कोणते?’ उत्तर, मानवी.

या उत्तराला गुण मिळतात. पण ज्याच्या नावावर ही आकृती खपते त्या रॉबर्ट कॅट्झ या अमेरिकन व्यवस्थापन-अभ्यासकाने मूळ लेखात असे म्हटलेले नाही. तो नेमके काय म्हणाला, आणि जवळपास वीस वर्षांनी त्याने त्यात काय बदलले, हे ठाऊक असेल तर दीर्घोत्तरी प्रश्नाचे उत्तर पाठांतराच्या पलीकडे जाते.

सुरुवात कॅट्झच्याही आधी करावी लागते. फ्रान्समधल्या एका कोळसा आणि पोलाद कंपनीची धुरा तीस वर्षे सांभाळलेले खाण अभियंते आंरी फेयोल यांनी 1916 साली आपले विचार प्रसिद्ध केले. कोणत्या पदाला कोणती क्षमता किती लागते याचा एक तक्ता त्यात आहे. कामगाराला तांत्रिक क्षमता 85 टक्के आणि प्रशासकीय केवळ 5 टक्के. फोरमनला तांत्रिक 60, प्रशासकीय 15. मोठ्या कारखान्याच्या व्यवस्थापकाकडे आलो की तांत्रिक 15 आणि प्रशासकीय 40. वर चढताना हाताचे काम कमी होते आणि चालवण्याचे काम वाढते, ही कल्पना इथेच आकड्यांत उतरलेली दिसते. हे आकडे मोजमापातून आलेले नाहीत, आपल्या अनुभवावर आधारलेले आहेत, हे फेयोल यांनी स्वतःच स्पष्ट केले होते. मुले पुष्कळदा हे आकडे कॅट्झच्या नावावर लिहितात. कॅट्झच्या लेखात टक्केवारी नाही.

फेयोल यांच्या तक्त्यात व्यापारी, आर्थिक, सुरक्षाविषयक आणि हिशेबाची क्षमता आहे, पण माणसांशी वागण्याच्या कौशल्याचा वेगळा रकाना नाही. तो विचार पुढे आला शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यातल्या प्रयोगांमुळे. 1924 साली प्रकाश वाढवला तर उत्पादन वाढते का, हे तपासायला तिथे सुरुवात झाली, आणि 1930च्या दशकात पोहोचेपर्यंत अभ्यासकांचे लक्ष कामगारांच्या गटाकडे, त्यांच्या आपसातल्या नियमांकडे आणि पर्यवेक्षकाच्या वागण्याकडे वळले. त्या प्रयोगांच्या निष्कर्षांवर नंतर बरीच टीका झाली. तरीही माणसे सांभाळणे हे व्यवस्थापकाचे शिकण्याजोगे काम आहे, हा विचार व्यवस्थापनशास्त्रात रुजला.

कॅट्झचा लेख ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’च्या जानेवारी-फेब्रुवारी 1955च्या अंकात आला. त्या काळी मोठ्या अमेरिकन कंपन्या आदर्श अधिकाऱ्याचे गुण शोधत होत्या: महत्त्वाकांक्षा, निर्धार, आत्मविश्वास, अशा लांबलचक याद्या. कॅट्झचा आक्षेप या याद्यांना होता. माणूस कसा आहे यापेक्षा तो काय करू शकतो ते बघा, असे त्याचे म्हणणे. तांत्रिक कौशल्य म्हणजे ठरावीक कामाची पद्धत, साधने आणि प्रक्रिया यांवरची पकड. मानवी कौशल्य म्हणजे गटात राहून काम करणे आणि गटाकडून काम करून घेणे. संकल्पनात्मक कौशल्य म्हणजे संस्थेकडे एकसंध बघणे, एका विभागात बदल केला तर दुसऱ्यावर काय परिणाम होईल आणि बाहेरच्या बाजाराशी त्याचा संबंध काय, हे ओळखणे. कौशल्य असल्यामुळे हे तिन्ही शिकता येते, हा त्या लेखाचा खरा मुद्दा होता. स्तरांची चर्चा त्यात पुढे येते.

त्या चर्चेत मानवी कौशल्याबद्दल कॅट्झने लिहिले की ते प्रत्येक स्तरावर लागतेच, पण त्याची सर्वांत जास्त गरज खालच्या स्तरावर असावी, कारण हाताखालच्या माणसांशी थेट संबंध तिथेच सर्वाधिक येतो. वर जाताना असे प्रत्यक्ष संबंध कमी होतात आणि त्या प्रमाणात मानवी कौशल्याचा वाटा उतरतो. म्हणजे 1955च्या लेखानुसार आकृती काढायची तर मधला पट्टाही वर जाताना थोडा अरुंद व्हायला हवा. पाठ्यपुस्तकांनी ‘सगळीकडे लागते’ याचे ‘सगळीकडे सारखेच लागते’ असे केले. फळ्यावर सरळ पट्टा काढायला सोपा आणि लक्षात राहायलाही सोपा, म्हणून तो टिकला असावा असे मला वाटते.

1974 साली त्याच नियतकालिकाने हा लेख पुन्हा छापला आणि कॅट्झने त्याला नव्या विचारांची पुरवणी जोडली. या विषयात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हा भाग, आणि वर्गात नेमका तोच मागे राहतो.

पुरवणीत त्याने मानवी कौशल्याचे दोन भाग केले. एक, आपल्या गटाला सांभाळून चालवण्याचे. दुसरे, इतर गटांशी जुळवून घेण्याचे. पहिले खालच्या आणि मधल्या स्तरावर अत्यावश्यक, आणि दुसऱ्याची गरज जसजसे वर जावे तसतशी वाढत जाते. हे दोन्ही एकाच माणसात उत्तम असणे अवघड, हेही त्याने नोंदवले. ज्याची आपल्या विभागावर निष्ठा असते त्याला दुसऱ्या विभागाची बाजू पटकन दिसत नाही. म्हणजे सरळ दिसणाऱ्या पट्ट्याच्या आत एक तिरपी रेषा दडलेली आहे.

दुसरी दुरुस्ती गोव्यातल्या वाचकाला जवळची वाटेल. उच्च स्तरावर तांत्रिक कौशल्य फारसे लागत नाही, हे विधान आपण जास्तच सोपे केले होते, असे त्याने लिहिले. मोठ्या कंपनीत प्रमुखाच्या हाताशी जाणकार अधिकारी असतात, म्हणून तिथे ते चालते. लहान संस्थेत असा आधार नसतो. तिथे प्रमुखाला धंद्याची स्वतःची जाण लागते, नाहीतर कोणता प्रश्न विचारायचा हेच त्याला कळत नाही.

समजा डिचोली तालुक्यात एक लहान काजू कारखाना आहे. मालक, एक उत्पादन व्यवस्थापक आणि ग्रेडिंगच्या टेबलावर एक पर्यवेक्षक. गोव्याच्या काजूचा हंगाम उन्हाळ्यात संपतो, त्यामुळे वर्षभर कारखाना चालवायचा तर आफ्रिकेतून आलेल्या बियाही घ्याव्या लागतात. पुरवठादाराकडून प्रत्येकी 16 टनांचे दोन लॉट समोर आहेत. पहिल्याच्या एक किलो नमुन्यातल्या बिया कापल्यावर 265 ग्रॅम चांगला गर निघाला, दुसऱ्याच्या 280 ग्रॅम. धंद्यात हा उतारा 80 किलोच्या पोत्यामागे पौंडांत सांगतात: पहिला साधारण 46.7, दुसरा 49.4. किलोमागे 15 ग्रॅमचा फरक क्षुल्लक वाटतो, पण 16 टनांवर तो 240 किलो गर होतो. दुसरा लॉट महाग असेल तर त्याचा जादा दर या 240 किलोंच्या किमतीत बसतो का, हा हिशेब मालकाने करायचा. त्यासाठी नमुना पोत्यांच्या वेगवेगळ्या थरांतून घेतला का आणि बी पुरेशी वाळलेली आहे का, हे त्याला विचारता आले पाहिजे. ओलसर बीचे वजन साठवणुकीत घटते आणि तिला बुरशी लागण्याची भीती असते. ही शुद्ध तांत्रिक जाण आहे आणि ती कारखान्याच्या सर्वांत वरच्या माणसाला लागते आहे. पाठ्यपुस्तकातली आकृती तिथे सर्वांत अरुंद पट्टा दाखवते.

ग्रेडिंगच्या टेबलावर काम करणाऱ्या बायका अखंड गर आकारानुसार वेगळा करतात. पौंडात 300 ते 320 गर बसले तर तो डब्ल्यू-320. गर कुठे तुटतो आहे, कापणीत की साल काढताना, हे तुकड्यांवरून ओळखणे पर्यवेक्षकाचे तांत्रिक काम. सकाळच्या पाळीत वेग मंदावला आणि त्याचे कारण दोघींमधला जुना वाद निघाला, तर तो सोडवणे हे मानवी कौशल्य, आणि तेही पहिल्या प्रकारचे. तुकडे वाढले म्हणून कापणीवाले वाळवणीला दोष देतात आणि वाळवणीवाले कापणीला, तेव्हा दोघांना एका टेबलाशी बसवणाऱ्या उत्पादन व्यवस्थापकाला दुसरा प्रकार लागतो. दर चढले असताना आता बिया घेऊन ठेवायच्या की पुढच्या हंगामाची वाट बघायची, घाऊक गर विकायचा की मसाला काजूची पाकिटे करून पर्यटकांच्या दुकानांत पोहोचायचे, हे मालकाचे संकल्पनात्मक काम. पाकिटांकडे वळलो तर टेबलावरच्या प्रतवारीचे निकषही बदलतात, कारण मसाल्याच्या पाकिटात तुकडा चालतो. हा धागा ज्याला दिसतो त्याच्याकडे ते कौशल्य आहे.

परीक्षेत हे कसे वापरायचे? एका वाक्याचा वस्तुनिष्ठ प्रश्न असेल तर प्रचलित उत्तर द्यावे, म्हणजे ‘मानवी’. प्रसंग देऊन कौशल्य ओळखायला सांगितले असेल तर पदनाम बघून उत्तर लिहू नये. ‘सरव्यवस्थापक’ दिसला की ‘संकल्पनात्मक’ लिहिणारी मुले इथेच चुकतात. त्या वाक्यात माणूस वस्तूशी, माणसांशी की संपूर्ण संस्थेशी झुंजतो आहे, ते बघावे. आणि ‘चर्चा करा’ असा दहा गुणांचा प्रश्न असेल तर आकृती काढून तिच्याखाली 1955 आणि 1974 मधला फरक दोन-तीन वाक्यांत मांडावा, लहान उद्योगाचे उदाहरण जोडावे. टक्केवारी द्यायचीच असेल तर ती फेयोल यांच्या नावाने द्यावी.

संकल्पनात्मक कौशल्य कसे वाढवायचे, हाही प्रश्न विचारतात. 1955मध्ये कॅट्झचे उत्तर आशावादी होते: वरिष्ठाने तयार उत्तर न देता उलट प्रश्न विचारून शिकवावे आणि माणसाला वेगवेगळ्या विभागांतून फिरवावे. 1974मध्ये त्याचा सूर बदलला. असा विचार करण्याची सवय लहान वयात लागली नसेल, तर मोठ्या पदावर पोहोचल्यावर ती लागेल अशी अपेक्षा धरणे व्यवहार्य नाही, असे त्याला वाटू लागले. म्हणून विभाग-बदलाचा उपाय लिहिताना तो 1955च्या लेखातला आहे, असे नमूद करावे.