बिल सेव्ह व्हायला वेळ लागतोय? दोष सॉफ्टवेअरचा की आपल्या लाईनचा, असं ओळखा

ऑनलाइन बिलिंग सॉफ्टवेअर रेंगाळायला लागलं की दुकानात दोनच वाक्यं ऐकू येतात: ‘त्यांचा सर्व्हर डाउन आहे’ किंवा ‘आपलं नेट गेलंय’. नेमकं काय ते ठरवायला दहा मिनिटं पुरतात. लॅपटॉप, मोबाईल आणि फोनमधलं स्टॉपवॉच एवढंच लागतं.

आधी सॉफ्टवेअर कंपनीचं स्टेटस पेज, म्हणजे त्यांची कुठली सेवा नीट चालू आहे ते सांगणारं वेबपान बघा. ते मोबाईल डेटावर उघडा, म्हणजे ऑफिसचं नेट मध्ये येणार नाही. सगळ्यात वरच्या हिरव्या पट्टीवर थांबू नका. खाली प्रत्येक सेवेची वेगळी ओळ असते. लॉगिन, बिलिंग, रिपोर्ट यांपैकी तुमचं अडलंय तीच ओळ वाचा, आणि ती भारतातल्या सर्व्हरची आहे ना, तेही बघा. तिथे Degraded Performance किंवा Investigating दिसलं तर राउटर बंद-चालू करण्यात अर्थ नाही, वाट बघा. Monitoring म्हणजे दुरुस्ती झाली आहे, पण त्यांची अजून नजर आहे.

वेळ वाचताना गफलत होते. बऱ्याच पेजवर ती UTC या जागतिक प्रमाणवेळेत असते, तिच्यात साडेपाच तास मिळवा. 05:40 UTC म्हणजे आपल्याकडचे सकाळचे 11:10.

पेज हिरवं असलं म्हणजे सगळं ठीक, असं मात्र धरू नका. बिघाडाची नोंद बहुधा माणसं तपासून मगच टाकतात, त्यामुळे ती उशिरा येते. थोड्याच ग्राहकांना त्रास होत असेल तर कधी कधी येतच नाही. लाल रंग पुरावा म्हणून चालतो, हिरवा नाही. म्हणून दुसरी चाचणी हवी.

त्यासाठी लॅपटॉप तोच, लॉगिन तेच आणि बिलही तेवढ्याच आयटमचं ठेवा. बदलायची ती फक्त लाईन. नुसतं मोबाईलवर ॲप उघडून ‘इथे तर फास्ट चालतंय’ म्हणणं ही चाचणी नव्हे, कारण तिथे ॲपही बदललं आणि मशीनही.

ब्राउझरची इन्कॉग्निटो विंडो उघडा, म्हणजे एक्स्टेन्शन सहसा बंद राहतात. ऑफिसच्या नेटवर चार वेळा बिल सेव्ह करून सेकंद लिहा. पहिला आकडा सोडून द्या. तेव्हा पानाचे सगळे भाग नव्याने उतरत असतात. मग LAN केबल काढा, लॅपटॉपचं वायफाय बंद करा आणि फोन USB केबलने जोडून टेदरिंग सुरू करा, म्हणजे लॅपटॉप फोनच्या मोबाईल डेटावर चालेल. फोनचंही वायफाय बंद हवं, नाहीतर काही फोन ऑफिसचंच वायफाय पुढे देतात आणि चाचणी वाया जाते. VPN असेल तर दोन्ही वेळा बंद ठेवा. सिम शक्यतो ऑफिसच्या ब्रॉडबँडपेक्षा वेगळ्या कंपनीचं असावं. विंडोजमध्ये या कनेक्शनला Metered connection करून ठेवा, म्हणजे अपडेट तुमचा डेटा खात बसणार नाहीत. पुन्हा चार वेळा सेव्ह करा. चाचणीची बिलं नंतर रद्द करायला विसरू नका.

समजा, शिवाजी उद्यमनगरातल्या एका स्पेअर पार्टच्या दुकानात ऑफिसच्या नेटवर 14, 17, 12 सेकंद लागले आणि मोबाईल डेटावर 3, 2, 3. सॉफ्टवेअर सुटलं, दोष ऑफिसच्या बाजूला आहे. पण स्पीड टेस्ट तर झकास येते! ती बहुधा जवळच्या सर्व्हरशी होते आणि आपण तिच्यात डाउनलोडचाच आकडा बघतो. बिल सेव्ह होताना माहिती वर जाते. त्याच वेळी एखाद्या कॉम्प्युटरवरून मालाचे फोटो ड्राइव्हवर चढत असतील किंवा सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग क्लाउडवर जात असेल, तर राउटरपाशी अपलोडची रांग लागते आणि तुमचं एवढंसं बिल त्या रांगेत मागे उभं राहतं. ते अपलोड थांबवून पुन्हा सेव्ह करा. आकडा 3 वर आला तर चोर सापडला. नाही आला तर वायफाय सोडून केबलने बघा, आणि मगच नेटवाल्याला फोन करा.

दोन्हीकडे 14-15 सेकंद आले तर लॅपटॉप अजून संशयात आहे. दुसऱ्या लॅपटॉपवर तेच बिल करा. तिथेही तसंच झालं आणि मोबाईल डेटावर बाकीच्या साइट पटकन उघडत असतील, तर दोष सॉफ्टवेअर कंपनीकडे, स्टेटस पेज काही का म्हणेना. (बेसमेंटमध्ये रेंजची एकच कांडी असताना केलेली चाचणी धरू नका.)

एक अपवाद. बिल झटकन सेव्ह होतं, पण वर्षभराचं लेजर काढताना सॉफ्टवेअर अडकतं, तर तो बिघाड नसून बहुधा डेटाचा भार असतो. आधी एका महिन्याचं काढून बघा.

तक्रार करायची झाली तर आम्हाला व्हॉट्सॲपवर तारीख-वेळ, दोन्ही लाईनवरचे तीन-तीन आकडे, कुठला स्क्रीन अडला ते आणि त्या वेळच्या स्टेटस पेजचा स्क्रीनशॉट पाठवा. ‘सकाळपासून स्लो आहे’ एवढ्यावर कंपनीचा सपोर्ट ब्राउझरची कॅश साफ करा म्हणून सांगतो आणि तिकीट बंद करतो.