गल्लीतला काँक्रीट रस्ता : गाळा केवढा, जाडी किती आणि डॉवेल नेमके कुठे

गावातली गल्ली काँक्रीटची करायची ठरली की आमच्याकडे एस्टिमेट मागायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न असतो "सळई किती टाकणार?" आणि आम्ही म्हणतो की गल्लीत जवळजवळ नाहीच, तर समोरच्याला वाटतं हे पैसे वाचवायला बघतायत. म्हणून हे माहितीपत्रक काढलंय. ग्रामपंचायत सदस्य असा, वाडीतले लोक वर्गणी काढून रस्ता करत असा किंवा प्लॉटिंगवाले असा, एकदा वाचून घ्या आणि मग आमचंच काय, कुणाचंही एस्टिमेट याच्याशी ताडून बघा.

आधी एक गोष्ट क्लिअर करू. लोक सरसकट "आरसीसी रस्ता" म्हणतात पण गल्लीतला रस्ता आरसीसी नसतो, त्यात स्लॅबसारखी सळयांची जाळी नसते. तो साधा काँक्रीटचा असतो आणि गाडीचा भार नुसत्या काँक्रीटच्या जाडीवर घेतो. आता काँक्रीट सुकताना आकसतं, उन्हात फुगतं, रात्री परत आखडतं, म्हणजे ते तडकणार हे नक्की, तुम्ही कितीही चांगलं सिमेंट वापरा. आपल्या हातात एवढंच असतं की ते कुठे तडकायचं हे आपण आधी ठरवायचं, आणि जॉइंट कापतात ते यासाठीच. दोन जॉइंटच्या मधला जो तुकडा राहतो तो पॅनल, आमची माणसं त्याला गाळा म्हणतात.

गाळा केवढा ठेवायचा? कमी वाहतुकीच्या रस्त्यांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची, म्हणजे आयआरसीची, एसपी ६२ ही गाइडलाइन आहे, त्यात जॉइंटचं अंतर अडीच ते चार मीटर दिलंय आणि आम्ही गल्लीत शक्यतो तीन मीटरच धरतो. का, तर बहुतेक गल्ल्या तीन मीटरच्या आसपास रुंद असतात, त्यामुळे गाळा चौरस होतो, आणि चौरस गाळा मध्येच तडकायची शक्यता कमी असते. लांबी रुंदीच्या दीडपटीच्या पुढे गेली की तो बरोबर मध्यावर आडवा तडा घेतो. पाच पाच, सहा सहा मीटरवर कट मारलेले रस्ते तुमच्याही गावात असतील, जाऊन बघा, दोन कटांच्या मधोमध एक वेडीवाकडी रेघ दिसेल, म्हणजे आपण जो जॉइंट दिला नाही तो काँक्रीटने स्वतः घेतला. गल्ली वळते तिथे टोकदार त्रिकोणी गाळा होऊ द्यायचा नाही, ते टोक मोडतंच. आणि ड्रेनेजचं चेंबर असेल तर जॉइंटची रेघ चेंबरवरूनच जाईल अशी आखणी करायची.

जाडीचं म्हणाल तर दीडशे मिलिमीटर, म्हणजे सहा इंच, याच्या खाली आम्ही काम घेत नाही, स्पष्टच सांगतो. गल्लीत रोज फक्त टू-व्हीलर आणि दुधाचा टेम्पो येतो हे खरंय, पण कारखान्याचा सीझन चालू झाला की उसाने भरलेली ट्रॉली त्याच गल्लीतून जाते आणि कुणाच्या घराचं बांधकाम निघालं की वाळूचा डंपर येतो. रस्ता मोडतो तो या मोजक्या गाड्यांनी. त्यात गल्ली अरुंद, त्यामुळे चाक काठाला लागून चालतं आणि काठ हीच गाळ्याची सगळ्यात कमजोर जागा. चाकाने काँक्रीटमध्ये जो ताण येतो तो साधारण जाडीच्या वर्गाने बदलतो, म्हणजे सहा इंचाच्या जागी पावणेपाच इंच (१२० मिमी) जाडी पडली तर जाडी कमी झाली २० टक्के पण ताण वाढला दीडपटीहून थोडा जास्त. "थोडं कमी पडलं तर काय होतंय" याचं उत्तर हे आहे.

आणि जाडी मारली जाते ती काठाला नाही बरं का, काठाला शटरिंगचं चॅनेल असतं ते सहा इंचीच दिसतं. मधे खालचा मुरूम उंच ठेवलेला असतो, तिथे चार-साडेचार इंचच काँक्रीट बसतं. चेक करायला इंजिनिअर लागत नाही, काँक्रीट ओतायच्या आधी दोन्ही चॅनेलच्या डोक्यावरून दोरी ताणा आणि मधे टेप लावून दोरीपासून खाली अंथरलेल्या प्लॅस्टिकपर्यंत मोजा, दर दोन-तीन मीटरवर. आमच्या साइटवर पण मोजा, आम्हाला राग येत नाही.

आता डॉवेल. डॉवेल म्हणजे जॉइंटमधून आरपार आडवा ठेवलेला गुळगुळीत गोल बार, अर्धा या गाळ्यात अर्धा त्या गाळ्यात. चाक एका गाळ्यावरून दुसऱ्यावर जाताना भार दोघांनी मिळून घ्यावा, एक गाळा खाली आणि एक वर असं होऊ नये, एवढंच त्याचं काम. मग सगळ्याच जॉइंटला का नको? कारण कटरने आपण फक्त वरचा एक-तृतीयांश भाग कापतो, म्हणजे दीडशे मिलिमीटरला पन्नास. खालचे शंभर मिलिमीटर काँक्रीट स्वतःच तडकतं आणि तो तडा खडीला वळसा घालत नागमोडी जातो. त्या दोन खडबडीत बाजू एकमेकींत अडकून राहतात आणि भार इकडून तिकडे देतात, डॉवेलशिवाय. अट एकच, फट बारीक राहिली पाहिजे, आणि फट बारीक राहते ती गाळा छोटा ठेवला म्हणून. म्हणजे तीन मीटरचा गाळा आणि डॉवेल नसणं या एकाच हिशोबाच्या दोन बाजू आहेत, गाळा सहा मीटरचा करून वर डॉवेलही नाही असं चालत नाही.

पण दिवसाचं काम जिथे थांबतं तिथली गोष्ट वेगळी. तिथे काँक्रीट आडव्या पाटीला टेकून थांबतं आणि दुसऱ्या दिवशीचं त्याला चिकटून ओततात, तो चेहरा सपाट असतो, खडी अडकायला जागाच नाही. तिथे डॉवेल पाहिजेच.

एक हिशोब करून दाखवतो. समजा गल्ली १२० मीटर लांब, ३ मीटर रुंद, जाडी १५० मिमी. काँक्रीट झालं १२० × ३ × ०.१५ म्हणजे ५४ घनमीटर, वर थोडी नासाडी धरा. तीन मीटरचे गाळे म्हणजे ४० गाळे आणि त्यांच्या मधे ३९ जॉइंट. काम तीन दिवसांत करायचं, तर रोजचं ४० मीटर असं भागू नका, चाळीसला तीनने भाग जात नाही आणि एका मीटरचा चिंधीसारखा तुकडा मधे राहतो. पहिल्या दिवशी ३९ मीटर (१३ गाळे), दुसऱ्या दिवशी ४२ (१४ गाळे), तिसऱ्या दिवशी राहिलेले ३९. म्हणजे काम थांबल्याचे जॉइंट झाले दोन, बाकीचे ३७ साधे कट.

डॉवेल एकमेकांपासून ३०० मिमीवर, दोन्ही काठांपासून १५० मिमी सोडून. तीन मीटर रुंदीत बसतात बरोबर १०. दोन जॉइंटचे मिळून २०. आम्ही २५ मिमी जाडीचा, ४५० मिमी लांब बार वापरतो, एकाचं वजन साधारण पावणेदोन किलो, म्हणजे सगळे मिळून ३५ किलो. आता कुणी तुम्हाला ३९ च्या ३९ जॉइंटला डॉवेल लावलं तर ३९० बार, पावणेसातशे किलोच्या आसपास स्टील. आजच्या भावाने गुणून बघा. तेवढ्या पैशात खालचा मुरूम-खडीचा थर नीट होतो, काळी माती असेल तर ती उकरून काढता येते, आणि रस्ता बऱ्याचदा खालूनच गेलेला असतो.

शिवाय चुकीचा बसवलेला डॉवेल नसलेल्यापेक्षा वाईट. बार रस्त्याच्या लांबीला समांतर आणि लेव्हलमध्ये पाहिजे, बरोबर निम्म्या जाडीवर, म्हणजे वरून ७५ मिमी. अर्ध्या भागाला ग्रीस किंवा प्लॅस्टिकचं कव्हर पाहिजे म्हणजे गाळा आकसताना त्याच्यावरून सरकेल. वाकडा बसला किंवा पीळवाला टीएमटी बार टाकला तर जॉइंट जाम होतो आणि मग गाळा जॉइंटपासून फूट-दीड फुटावर तडकतो. अशी रेघ कुठे दिसली तर आधी डॉवेलवर संशय घ्या. आम्ही थांबायच्या पाटीला दहा भोकं पाडूनच आणतो, आणि संध्याकाळी बाहेर राहिलेल्या बारांपुढे बांबू आडवा बांधतो, नाहीतर रात्री कुणीतरी त्यावर पाय देऊन जातं आणि सकाळी बार खाली मान घालून बसलेले असतात.

मोरीच्या स्लॅबला रस्ता जिथे भिडतो तिथे डॉवेल नको, तिथे वीस मिलिमीटरचा फिलर बोर्ड पूर्ण जाडीभर उभा करून दोघांना वेगळंच ठेवायचं, मोरी आणि रस्ता वेगवेगळे हलतात. चेंबर आणि हातपंपाच्या ओट्याभोवतीही तसंच. आणि रोज शेकड्याने जड गाड्या जाणारा कारखाना रोड असेल तर हा सगळा हिशोब बाद, तिथे जाडी दोनशेच्या पुढे जाते आणि प्रत्येक आडव्या जॉइंटला डॉवेल लागतात, ते एस्टिमेट वेगळं.

कट मारायची वेळ ही सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट. उन्हाळ्यात सकाळी ओतलेलं काँक्रीट बऱ्याचदा त्याच संध्याकाळी कापावं लागतं, "उद्या बघू" म्हटलं की रात्रीत तडा गेलेला असतो. फूटभर कापून बघायचं, कडेची खडी उखडत असेल तर तास-दोन तास थांबायचं, कड स्वच्छ निघाली की लगेच चालू. आम्ही आधी दर तिसरा जॉइंट कापतो, मग मधले. कटात पट्टी घालून पन्नास मिलिमीटर खोली स्वतः मोजा, कारण कटरचं पातं झिजलेलं असलं की वरून रेघ छान दिसते पण खोली वीस-पंचवीसच असते आणि असा कट काही कामाचा नाही. काही दिवसांनी साइडपट्टीला मुरूम भरायच्या आधी गाळ्याच्या उघड्या काठाकडे वाकून बघा, कटाच्या खाली केसासारखी उभी रेघ दिसली तर घाबरू नका, जॉइंट चालू झालाय, तेच पाहिजे होतं.

पाणी चौदा दिवस, गोणपाट ओलं ठेवून. माणसं-सायकली आधी चालतील पण ट्रॅक्टर-ट्रॉली अठ्ठावीस दिवस नाही, म्हणून काम ऊस तोडीच्या तारखा बघून ठरवा.

एस्टिमेटसाठी आम्हाला एवढं पाठवा: गल्लीची लांबी, दर दहा मीटरला मोजलेली रुंदी, चेंबर-मोऱ्या कुठे आहेत त्याचा हाताने काढलेला नकाशा, जमीन काळी की मुरमाड, आणि वर्षभरात आत येणारी सगळ्यात जड गाडी कोणती.