सिग्नल मिळाला नाही, की काटाच सरकलाय?

ठाण्यात ढोकाळीला राहणारे आमचे काका परवा वैतागून म्हणाले, "अरे, हे घड्याळ म्हणे अणुघड्याळावरून वेळ घेतं, आणि फोनपेक्षा चौदा सेकंद मागे!" जपानहून भाच्यानं आणलेलं काट्यांचं रेडिओ कंट्रोल्ड, म्हणजे रेडिओ सिग्नलवरून वेळ जुळवणारं घड्याळ. त्यांचा निष्कर्ष ठरलेला होता: सिग्नल मिळत नाही.

चौदा सेकंदांमागे दोन वेगळी दुखणी असू शकतात. पहिलं, रेडिओ सिग्नल न मिळणं. तसं झालं तरी घड्याळ चालतच राहतं, फक्त साध्या क्वार्ट्झच्या भरवशावर; म्हणजे महिन्याला साधारण पंधरा सेकंदांपर्यंत पुढेमागे. दुसरं, काटाच जागेवरून सरकणं. आतल्या सर्किटची वेळ बरोबर असते, पण स्पीकर, पर्सचं चुंबक किंवा जोराचा धक्का यामुळे काटा दोनचार घरं चुकतो. अशा घड्याळाला सिग्नल मिळाला तरी ते चुकीचीच वेळ दाखवणार.

ओळखायची रीत सोपी आहे. आज फोनशी ताडून फरक लिहून ठेवा, दहा दिवसांनी पुन्हा पाहा. फरक वाढला तर सिग्नल नाही. तेवढाच राहिला तर काट्यावर संशय घ्या. खात्रीसाठी मॅन्युअलमध्ये दिलेलं बटण दाबून काटे मूळ जागी आणायचे. सगळे नेमके बारावर यायला हवेत. काकांचा सेकंदकाटा ५६ वर थांबला. म्हणजे चार सेकंद काट्याचे आणि उरलेले दहा क्वार्ट्झचे! काटा तिथल्या तिथे बारावर आणला.

आता ते दहा सेकंद. भारतात या घड्याळांना वाचता येईल असं, लांब रेडिओ लहरींवरून वेळ सांगणारं केंद्र नाही. घड्याळात होम सिटी, म्हणजे आपलं शहर, DEL अर्थात दिल्ली ठेवली असेल तर बरीच घड्याळं सिग्नल शोधायचा प्रयत्नसुद्धा करत नाहीत, आणि काकांचं तसंच होतं. आपल्याला सगळ्यात जवळचं केंद्र चीनमधल्या शांगचिउचं, ६८.५ किलोहर्ट्झवरचं BPC. तेही ठाण्यापासून साधारण साडेचार हजार किलोमीटरवर, आणि मॅन्युअल हमी देतं जेमतेम दीड हजारांची. तेव्हा हे मटक्याच्या आकड्यासारखंच, लागला तर लागला.

लागायचा असेल तर रात्रीच. दिवसा वातावरणाच्या वरच्या भागातल्या आयनोस्फिअरचा खालचा थर या लहरी शोषून घेतो. रात्री तो विरतो आणि लहरी लांबवर जातात. मात्र अंधार आपल्याकडे आणि चीनमध्ये, दोन्हीकडे हवा. होम सिटी HKG, म्हणजे हाँगकाँग, केली की घड्याळ तिथल्या मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत आपोआप प्रयत्न करतं, म्हणजे आपल्या रात्री साडेनऊ ते अडीच. नेमकी हीच वेळ चांगली. काका मात्र पहाटे चारला उठून, सगळं शांत असताना, खटपट करणार होते. BPC चिनी वेळेनुसार पहाटे पाच ते आठ बंद असतं, आपल्याकडे अडीच ते साडेपाच. चार वाजता ऐकायला काहीच नसतं! पावसाळ्यातल्या विजांचा खरखराटही या लहरींना मारक, म्हणून डिसेंबर-जानेवारीच्या रात्री बऱ्या.

जागा घरात शोधू नका. सळयांचा काँक्रीट सांगाडा, खिडकीची लोखंडी ग्रिल, एलईडी दिवे, इन्व्हर्टर, सेट-टॉप बॉक्स हे सगळे वैरी. त्यापेक्षा गच्ची बरी, पण लिफ्टची मशीन रूम आणि सोलर पॅनेलपासून दूर. शांगचिउ आपल्या ईशान्येला. घड्याळ लाकडी स्टुलावर ठेवून बाराचा आकडा तिकडे करायचा आणि दहा-पंधरा मिनिटं हात लावायचा नाही.

प्रयत्न चालू असताना सेकंदकाट्यावर नजर ठेवा. काही मॉडेलांत तो आधी डायलवरच्या R या अक्षरावर थांबतो आणि सिग्नल वाचू लागला की W वर जातो. W वरून पुन्हापुन्हा R वर येत असेल तर सिग्नल पोचतोय, पण डळमळीत. स्टूल थोडं फिरवून पुन्हा करण्यात अर्थ आहे. R वरून हललाच नाही तर त्या रात्रीपुरतं आवरा. शेवटी Y म्हणजे मिळाला, N म्हणजे नाही. Y आला की होम सिटी परत DEL करायची. तास-मिनिटं अडीच तास मागे येतात, सेकंद शुद्धच राहतात.

काकांच्या गच्चीवर आम्ही तीन रात्री साडेअकराला बसलो. दोन रात्री काटा R वर ढिम्म. तिसऱ्या रात्री तो W वर गेला, मिनिटभर टिकला, परत आला, आणि शेवटी N. "म्हणजे चीनपर्यंत फोन लागला, पण कोणी उचलला नाही," काका म्हणाले. मग DEL वर परत येऊन फोनच्या वेळेवर सेकंद हातानेच जुळवले. दहा दिवसांनी ताडलं तेव्हा फरक तीन सेकंदांचा होता, आणि काटा मूळ जागी आणल्यावर बरोबर बारावर.